कॅप्शनमध्ये दुपार राहून गेली

बुधवार होता, म्हणजे आमच्याकडे बाजाराचा दिवस. पतसंस्थेतून जेवायला घरी चालले होते, दुपारचे सव्वा वाजले असतील, एप्रिलचं ऊन नुसतं डांबर वितळवत होतं. वाचनालयाच्या गेटपाशी एक बाई उभ्या होत्या, हातात पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर आलेली आणि ऊन लागून मान टाकलेली. सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी, ती खिडकीच्या गजाला नाक लावून आत बघत होती. बाई एकदा मोबाइलकडे बघायच्या, एकदा गेटच्या कुलपाकडे. मी जवळ गेल्यावर त्यांनी मोबाइलच माझ्यापुढे धरला, म्हणाल्या, "ताई, हितं तर सकाळी आठ ते रात्री आठ लिहिलंय की." मी म्हटलं, दुपारी बंद असतं, बारा ते चार, चारला उघडेल. त्या म्हणाल्या, "साडेतीनला आमची गाडी हाय." आणि पोरीचा हात धरून स्टँडकडे गेल्या. रागावल्या नाहीत, काही बोलल्या नाहीत. बस.

त्यांच्या मोबाइलवरचं ते कॅप्शन मी लिहिलेलं होतं. आणि ते मी त्यांना सांगितलं नाही.

घरी येऊन जेवले पण घास फिरत होता. वाचनालयाच्या कमिटीत मी सगळ्यात लहान, म्हणजे वय पंचेचाळीस, त्यामुळे व्हॉट्सॅपवर टाकायचं जे काही असेल ते माझ्याकडे येतं. मार्चमध्ये कार्यवाह काका म्हणाले होते, नवीन सभासद नोंदणी मोहीम काढायची आहे, पोस्टर माझा पुतण्या करतोय, तू खाली चार ओळी छान लिही. छान म्हटल्यावर मी काय लिहिलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. "पुस्तकांच्या दुनियेत आपलं स्वागत! ज्ञानाचा दिवा घरोघरी! फक्त ५०० रुपयांत सभासद व्हा आणि हजारो पुस्तकांचा खजिना आपलासा करा. मुलांसाठी सुसज्ज बालविभाग. वेळ सकाळी ८ ते रात्री ८. त्वरा करा!!" पुढे तीन पुस्तकं, एक दिवा आणि एक हात जोडलेला इमोजी. त्वरा करा म्हणे, जसा काही प्रेशर कुकरचा सेल लागलाय. कमिटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले, एका सरांनी "समर्पक" असं लिहिलं, आणि ते गावभर गेलं.

त्या बुधवारी संध्याकाळी मी ग्रंथपाल मॅडमकडे गेले. मॅडम गेली एकोणीस वर्षं तिथे आहेत, अतिशय कमी पगारावर, आणि आमच्या कमिटीपेक्षा त्यांना वाचनालय जास्त कळतं हे कमिटीतल्या सगळ्यांना माहीत आहे पण कोणी बोलून दाखवत नाही. त्यांना दुपारचा प्रकार सांगितला. त्यांनी काही न बोलता देवघेव रजिस्टर उलटं करून मागचं पान उघडलं. मोहीम सुरू झाल्यापासून जो कोणी चौकशीला आला त्याने पहिला प्रश्न काय विचारला ते त्या पेन्सिलने लिहून ठेवत होत्या. एकतीस जण येऊन गेलेले, त्यातले सभासद झालेले सात. प्रश्न असे, पैसे परत मिळतात का. मिळतात तर कधी. पाचशे वर्षाचे की कायमचे. एका वेळी किती पुस्तकं. किती दिवस ठेवता येतं. पोरगं एकटं आलं तर चालेल का. दुपारी कधी उघडं असतं. हा शेवटचा प्रश्न नऊ वेळा. हजारो पुस्तकं म्हणजे नक्की किती हजार हे एकानेही विचारलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही जे लिहिलंत ते कोणी विचारत नाही आणि जे विचारतात ते तुम्ही लिहिलं नाहीत." मग जरा वाईट वाटून घेऊन, "पण भाषा छान होती हां."

पहिली गोष्ट त्या पाचशे रुपयांची. मी स्वतः दिवसभर ठेवी आणि पावत्या बघणारी बाई, आणि मीच "फक्त ५०० रुपयांत सभासद" असं लिहिलं हे मला अजून पटत नाही. आमच्याकडे दोन पुस्तकांच्या सभासदाला अनामत ५०० रुपये. शिवाय प्रवेश फी ५०, ती एकदाच. शिवाय वर्गणी महिन्याला ५० आणि ती तीन महिन्यांची आगाऊ, म्हणजे १५०. पहिल्या दिवशी खिशातून जातात ७००. एक निवृत्त एसटी कंडक्टर, तिकिटाच्या पैशापैशाचा हिशेब ठेवण्यात आयुष्य गेलेला माणूस, पाचशेची कडक नोट घेऊन आले आणि मॅडमनी सातशे सांगितल्यावर नोट परत खिशात ठेवून निघून गेले. नंतर चहाच्या टपरीवर ते म्हणत होते की वाचनालयवाले बोलवतात एका भावात आणि घेतात दुसऱ्या भावात. त्यांचं काय चुकलं? आणि गंमत म्हणजे खरा हिशेब सांगितला असता तर तो आमच्याच बाजूचा होता. त्या सातशेतले पाचशे त्यांचेच राहतात, सभासदत्व सोडलं की परत. खरा खर्च पहिल्या तिमाहीला दोनशे आणि पुढे महिन्याला पन्नास, म्हणजे दोन वडापाव. मी नेमकी परत मिळणारी रक्कम किंमत म्हणून छापली आणि खरी किंमत लपवली, तीही जाणूनबुजून नाही, नुसती ओळ छोटी दिसावी म्हणून.

अनामत या शब्दाबद्दलही मला वाटायचं की तो सगळ्यांना कळतो. नाही कळत. नव्या पोरांना डिपॉझिट म्हटलं की कळतं, पण डिपॉझिट म्हटलं की त्यांना भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट आठवतं, जे मालक रंगकामाच्या नावाखाली कापून घेतो. म्हणून ते लगेच विचारतात, परत देता का. मॅडमच्या टेबलाच्या खणात एक पावती आहे, त्यांनी जपून ठेवलेली, १९८७ सालची, पंचवीस रुपये अनामत मिळाल्याची. मागच्या वर्षी एक गृहस्थ वडिलांचं कपाट आवरताना सापडली म्हणून घेऊन आले होते. वडिलांचं सभासदत्व कधीच बंद झालेलं, मॅडमनी जुनं अनामत रजिस्टर काढलं, धूळ झटकली, नाव सापडलं, पुस्तक बाकी नाही असा शेरा सापडला, आणि व्हाउचरवर सही घेऊन पंचवीस रुपये दिले. १९८७ साली पंचवीस रुपयांत एक बऱ्यापैकी कादंबरी यायची, म्हणजे अनामत आणि पुस्तक यांची किंमत जवळपास सारखी होती, पुस्तक बुडालं तर अनामत वाचनालयाकडे, हिशेब फिटला. अनामतीचं मूळ काम तेच. आज नवी कादंबरी चारशेच्या पुढे, म्हणून दोन पुस्तकांना पाचशे ही अनामतसुद्धा खरं तर अपुरीच आहे. ते गृहस्थ पंचवीस रुपये घेऊन समोरच्या गाड्यावर गेले, एक वडापाव खाल्ला, आणि परत येऊन मॅडमना म्हणाले, बाबांनी दिला असं समजतो.

तर हे पैसे वाचनालयाचे नसतात. ऑडिटर दरवर्षी हेच सांगतात, ताळेबंदात अनामत देण्यांच्या बाजूला, उत्पन्नात नाही. पण मोहीम म्हटली की कमिटीच्या डोळ्यांपुढे उत्पन्नच येतं. शंभर सभासद गुणिले पाचशे, पन्नास हजार झाले की दोन लोखंडी कपाटं येतात, असं खजिनदार नानांनी मीटिंगमध्ये चहा यायच्या आत मांडून टाकलं. मी म्हटलं नाना, वर्षभरात त्यातले वीस जण गाव सोडून गेले, बदली झाली, पोरगी लग्न होऊन गेली, की दहा हजार परत द्यायचे, तेव्हा कपाट विकायचं का. ते हसले पण त्यांना ते आवडलं नाही. अनुदान हप्त्याने येतं, तेही येईल तेव्हा, मधल्या काळात वीजबिल भरायचं असतं, आणि हाताशी असलेली अनामत तेव्हा फार प्रेमळ दिसते. आणि मग कोणी परत मागायला आलं की त्याला सांगावं लागतं, पुढच्या महिन्यात या. तो पुढच्या महिन्यात येतो आणि परत तेच. तो माणूस आयुष्यात कुणाला सभासद व्हा म्हणून सांगणार नाही. शेवटी अनामतीचं वेगळं खातं काढलं, दोघांच्या सहीचं, आणि त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत. कॅप्शनमध्ये मला लिहायचं होतं "अर्ज दिल्यापासून ८ दिवसांत परत" आणि नानांना लिहायचं होतं "नियमानुसार परत". या एका शब्दावर पाऊण तास गेला. नियमानुसार म्हटलं की वाचणाऱ्याला कळतं की मिळणार नाही. आठ दिवस राहिले. पण ते लिहिता आले ते वेगळं खातं काढल्यामुळे, नाहीतर ते पण माझ्या आधीच्या ओळींसारखंच झालं असतं.

पुस्तकं किती आणि किती दिवस, हे लिहिताना मला आई आठवत राहिली.

आमच्या घरी एका पुस्तकाचं कार्ड होतं, आईच्या नावाचं, पण आई वाचनालयात आयुष्यात चार-पाच वेळा गेली असेल. सकाळी तिला जमायचं नाही, संध्याकाळी स्वयंपाक, आणि तिला मोकळा वेळ मिळायचा तो दुपारी एक ते साडेतीन, तेव्हा वाचनालयाला कुलूप. मग मी जायचे, शाळेतून येताना, दप्तरात आईचं पुस्तक. काउंटरवर तेव्हा एक काका बसायचे, चश्मा नाकाच्या टोकावर. मी सांगायचे, आईला आवडेल असं काहीतरी द्या. ते म्हणायचे, मागचं आवडलं का? मला काय माहीत, मी म्हणायचे, दोन दिवसांत संपलं. हाच त्यांचा निकष होता, आईने किती दिवसांत संपवलं. ते पुस्तकाच्या मागच्या खिशातून कार्ड काढायचे, त्यावर तारीख मारायचे, ते आईच्या कार्डात अडकवून लाकडी ट्रेमध्ये त्या दिवसाच्या खणात उभं करायचे, आणि पुस्तकातल्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का, टप्प. शाईचा जांभळा वास अजून नाकात आहे. एकदा मी आणलेलं पुस्तक आईने आधीच वाचलेलं निघालं, मी तशीच पळत परत गेले तर काका म्हणाले, एका दिवशी एकदाच बदलून मिळतं, उद्या ये. मला तेव्हा तो शुद्ध खडूसपणा वाटला. नंतर मॅडमनी सांगितलं की ट्रेमधली कार्डं संध्याकाळी मोजून दिवसाचा आकडा काढायचा असायचा, तेच पुस्तक सकाळी गेलं संध्याकाळी आलं की सगळी मोजणी चुकायची. कारण होतं, पण आईने ती रात्र जुना दिवाळी अंक परत वाचून काढली.

आता कॉम्प्युटर आहे, ट्रे माळ्यावर गेला, आणि तरी तो नियम आमच्या नियमावलीत तसाच होता! कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कॅप्शनसाठी नियम शोधायला बसले म्हणून सापडला, आणि मीटिंगमध्ये काढून टाकला. मुदतीचं मात्र तसं नाही, तिथे मॅडमनी मला कागदावर गणित करून दाखवलं. मला वाटायचं पंधरा दिवस काय, महिना द्या ना, लोक खूश होतील. त्या म्हणाल्या, जुन्या पुस्तकांना द्या महिनासुद्धा, ती कपाटातच असतात. पण नवीन पुस्तक एकच प्रत येते आणि वाट बघणारे चाळीस. पंधरा दिवसांच्या मुदतीने एक प्रत वर्षात फार तर चोवीस जणांकडे फिरते, आठ दिवस केले तर पंचेचाळीस. तेही सगळ्यांनी वेळेवर दिलं तर. म्हणजे आपल्या गावात नवीन पुस्तक विकत घेणं आणि मुदत सात दिवसांनी कमी करणं हे जवळजवळ सारखंच, फक्त मुदत कमी करायला पैसे लागत नाहीत. म्हणून नियम झाला, दोन पुस्तकांत नवीन एकच, नवीन आठ दिवस, बाकीची पंधरा, फोन करून एकदा वाढवून मिळेल पण कुणी नंबर लावलेला असेल तर नाही. ताजं मासिक चार दिवस. संदर्भग्रंथ तिथेच बसून.

दंड लिहायचा की नाही यावर पण वाद झाला. सरांचं म्हणणं, आमंत्रणपत्रिकेत कोणी दंड लिहितं का. पण मॅडमकडे एक यादी आहे, न परतलेल्या पुस्तकांची, आणि त्यातले बरेचसे चोर नाहीत, लाजलेले लोक आहेत. एक शिक्षक, दिवसाला एक रुपया दंड साचत साचत तीनशे चाळीस झाला, आता ते वाचनालयाच्या बाजूच्या रस्त्याने जातच नाहीत, मारुतीच्या देवळाकडून वळसा घालतात, मी स्वतः बघितलंय. पुस्तक दोनशे वीसचं. दंडाने पुस्तक परत आलं नाहीच, वर वाचक गेला. आता दंडाला पन्नास रुपयांची मर्यादा आहे, आणि ती कॅप्शनमध्ये लिहिली. मला वाटतं सगळ्या ओळींत तीच जास्त वाचली गेली, कारण त्यानंतरच्या आठवड्यात तीन जुनी पुस्तकं परत आली, एक तर कुणीतरी गेटमधून आत सरकवून गेलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, आत पन्नासची नोट. (शिक्षक नव्हेत. ते अजून देवळाकडूनच जातात.)

बालविभागाचं सांगायला मला खरंच लाज वाटते. "सुसज्ज बालविभाग" असं मी लिहिलं तेव्हा तो काय होता, तर कोपऱ्यातलं एक काचेचं कपाट, त्याला कुलूप, किल्ली मॅडमच्या खणात, आणि आत पुस्तकं दाखलांकानुसार लावलेली. म्हणजे वाचनालयात ज्या क्रमाने आली त्या क्रमाने. सहा वर्षांच्या पोराचं चित्रांचं पुस्तक, त्याला लागून बारावीच्या मुलाने वाचावं असं चरित्र, त्याच्या शेजारी प्रश्नमंजुषा. सगळ्यात छोटी आणि रंगीत पुस्तकं वरच्या खणात, कारण वरचा खण उथळ आहे. पोरं खाली उभी राहून काचेतून वर बघायची, जशी मिठाईच्या दुकानात बघतात. आणि किल्ली मागायला काउंटरवर जायचं म्हणजे तिथे चार आजोबा पेपर वाचत बसलेले. कोणतं मूल मागेल?

बुधवारनंतरच्या रविवारी मी आणि मॅडम, आणि माझी भाची, असे तिघी बसलो. कपाट रिकामं केलं, सहाशे बारा पुस्तकं निघाली. त्यातली सत्तरेक अशी की हातात घेतली की पानं खाली. बहुतेकांना कुणीतरी चिकटपट्टी लावलेली आणि तिनेच त्यांची वाट लावलेली, चिकटपट्टी चारपाच वर्षांत पिवळी पडते, सुकते, पट्टी निघून येते आणि डाग तेवढा राहतो, पान तिथेच तुटतं. मॅडम मैद्याची खळ करतात, चिमूटभर मोरचूद घालून, कीड लागू नये म्हणून, पण मुलांच्या पुस्तकांना मोरचूद नाही, ते विष आहे, मुलं बोटाला थुंकी लावून पानं उलटतात. त्यांना नुसता फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून आणि पातळ कागदाची पट्टी. माझी भाची मधेच एक पुस्तक घेऊन वाचत बसली ते संध्याकाळपर्यंत उठलीच नाही, कामाला शून्य उपयोग. मग पुस्तकांचे तीन ढीग केले, नुसती चित्रं बघणारे, जोडाक्षरं अडखळत वाचणारे आणि सुसाट वाचणारे, प्रत्येकाला कण्यावर वेगळ्या रंगाचा ठिपका. वय मुद्दाम नाही लिहिलं, कारण चौथीतलं पोर पहिलीचं पुस्तक घेताना आजूबाजूला बघतं. कपाटाची काचेची दारं काढून माळ्यावर, त्या ट्रेच्या शेजारी. खालचे दोन खण मुलांचे, आणि समोर सतरंजी. नाना म्हणाले पुस्तकं चोरीला जातील. मॅडम म्हणाल्या, जाऊ देत, कुलपात राहून वाळवीने खाल्लेली कुठे मोजली आपण.

मुलांची अनामत शंभर, प्रवेश फी वीस, वर्गणी महिन्याला पंधरा, एक पुस्तक दहा दिवस. पण खरी ओळ त्याच्या पुढची, तिथे बसून वाचायला सभासद असायची गरज नाही, पैसे नाहीत, पालक सोबत नसले तरी चालेल, आठ वर्षांच्या पुढचं मूल असेल तर. आणि एक भांडण उरलंय ते अजून मिटलं नाही, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या कपाटातलं द्यायचं का. नियम म्हणतो बालसभासदाला बालविभागातलंच. त्या वयात मी आईच्या कार्डावर सगळं वाचलं, काउंटरवरच्या काकांना नक्की कळत होतं की दोन दिवसांत कोण संपवतंय. त्यांनी कधी विचारलं नाही.

आणि वेळ. सगळं त्या वेळेपासूनच सुरू झालं आणि तेच सगळ्यात अवघड निघालं. सकाळी आठ ते बारा, संध्याकाळी चार ते आठ, सोमवार बंद, हे मी जन्मल्यापासून तसंच आहे. सकाळी पेपरवाले आजोबा, संध्याकाळी ऑफिसातून येणारे पुरुष आणि अभ्यासिकेतली मुलं. ज्या बायका दुपारी मोकळ्या असतात त्यांच्यासाठी कुलूप, बाजारासाठी वाडीवस्तीवरून येणाऱ्यांसाठी कुलूप. कोणी मुद्दाम केलेलं नाही, मॅडम एकट्या, त्यांनाही जेवायला घरी जावं लागतं, आणि अर्धवेळ शिपाई आहे तो सकाळचाच. मॅडमनी ग्रंथालयाचा कोर्स केला तेव्हा रंगनाथनांचे पाच नियम पाठ केले होते, १९३१ सालचे, त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. त्या म्हणाल्या, आम्हाला परीक्षेत उदाहरण लिहायचं असायचं, आम्ही लिहायचो की सूची नीट करा म्हणजे पुस्तक पटकन सापडेल. गेटवरून परत गेलेल्या बाईचा वेळ कुठल्या सूचीत धरायचा ते नव्हतं शिकवलं.

फार काही मोठं करता आलं नाही. बुधवारी एक ते तीन कमिटीतल्या कोणीतरी पाळीने बसायचं, फक्त देवघेव आणि बालविभाग, असं ठरलं. पहिल्या तीन बुधवारी मीच बसले, जेवणाचा डबा तिथेच खाल्ला. आणि देवघेव बंद व्हायच्या अर्धा तास आधी थांबते, कॉम्प्युटर बंद करून हिशेब करायचा असतो, म्हणजे रात्री आठ हे पण खरं नव्हतंच, साडेसात होतं. ते पण लिहिलं.

मग कॅप्शन परत लिहिलं. पुतण्याला सांगितलं पोस्टरवर पुस्तकाच्या पंखांनी उडणारी मुलगी नको, वेळा टाक, कारण लोक फोटो तेवढा सेव्ह करून पुढे पाठवतात आणि कॅप्शन मागेच राहतं. आणि मोठं कॅप्शन असलं की अर्धं दुमडलं जातं, त्यामुळे जे लागतं ते वर, स्वागतबिगत खाली. स्वागत शेवटी टाकलंच नाही. मॅडमच्या पेन्सिलच्या यादीच्या क्रमाने लिहिलं, ते असं:

"वाचनालयाचे नवीन सभासद होता येईल, ३१ मेपर्यंत. पहिल्या दिवशी ७०० रुपये आणा. त्यातले ५०० तुमचेच, अनामत, सभासदत्व सोडताना पावती दाखवून अर्ज द्या, ८ दिवसांत परत. बाकी प्रवेश फी ५० आणि तीन महिन्यांची वर्गणी १५०. एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक. पुस्तक १५ दिवस, नवीन असेल तर ८. उशीर झाला तर दिवसाला १ रुपया, कितीही उशीर झाला तरी ५० च्या वर नाही, तेव्हा लाजू नका. एकच पुस्तक हवं असेल तर अनामत ३००, वर्गणी महिना ३०. मुलांना अनामत १००, प्रवेश फी २०, वर्गणी महिना १५, म्हणजे पहिल्या दिवशी १६५. नुसतं बसून वाचायला मुलांना काहीच पैसे नाहीत, सतरंजी घातली आहे. सकाळी ८ ते १२, संध्याकाळी ४ ते ८, पुस्तक बदलायचं असेल तर साडेसातच्या आत. सोमवारी बंद. बुधवारी बाजाराच्या दिवशी दुपारी १ ते ३ सुद्धा उघडं."

कमिटीच्या ग्रुपवर या वेळी कमी अंगठे आले. सरांनी लिहिलं, "माहिती ठीक, पण साहित्यिक स्पर्श हवा होता." कार्यवाह काकांनी एक दिव्याचा इमोजी टाकला. पण त्या ओळी गावभर गेल्या. बुधवारी दुपारी पहिल्यांदा दोघी आल्या, मग पाच, मग एकदा कोणीच नाही आणि मी डाव्या हाताने डबा खात उजव्या हाताने वाचत बसले. त्या कोथिंबीरवाल्या बाई काही अजून दिसल्या नाहीत, किंवा आल्या असतील आणि मी ओळखलं नसेल, मी खरं तर त्यांच्यापेक्षा त्यांच्या मोबाइलकडेच बघितलं होतं.

मागच्या बुधवारी एक आजी आल्या, पदराच्या गाठीत मोजून सातशे, सुट्टेच, कॅप्शन वाचून दाखवणारा नातू सोबत. मी फॉर्म काढला, नाव, पत्ता, सगळं भरलं, पैसे घेऊन पावती फाडणार, तर खालच्या चौकोनाकडे लक्ष गेलं. दोन पासपोर्ट फोटो आणि आधारची झेरॉक्स. हे मी कॅप्शनमध्ये लिहिलंच नव्हतं, इतक्या मीटिंगा झाल्या आणि एकाच्याही लक्षात आलं नाही, मॅडमच्याही नाही. आजी म्हणाल्या, फोटो काय लगेच काढून आणते, समोरच तर स्टुडिओ आहे. नातू बाहेर पळत जाऊन बघून आला.

"आजी, बंद हाय. चारला उघडतंय."